चेहरा नाही, फक्त रेफरन्स

प्रवेशाचे दिवस जवळ आले की आपल्या दादरा नगर हवेलीत वापी रस्त्यापासून किलवणी नाक्यापर्यंत शाळांचे फलक लागतात. पूर्वी त्यांवर दहावीत पहिल्या आलेल्या मुलांचे पासपोर्ट आकाराचे फोटो असत, खाली नाव आणि टक्के. आता पांढरा एप्रन घालून मायक्रोस्कोपमध्ये पाहणारी, रोबोट जोडणारी, हसरी मुले दिसतात. शाळेत मायक्रोस्कोप असलाच पाहिजे असे नाही. तो विकत घेण्यापेक्षा एआयकडून काढून घेणे स्वस्त पडते.

मायक्रोस्कोपशी आपले भांडण नाही. प्रश्न मुलांचा आहे, कारण ती सगळीच हवेतून येत नाहीत.

काम साधारण असे चालते. 2 ऑगस्टच्या मुक्तिदिनाला किंवा गॅदरिंगला काढलेले फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात. त्यांतले आठ-दहा बरे फोटो एखादे सर फलकवाल्याला पाठवतात. फलकवाला ते एखाद्या फुकट एआय साधनात टाकतो आणि सांगतो, अशाच गणवेशातली, अशीच दिसणारी मुले दाखव, पण प्रयोगशाळेत. या आठ-दहा फोटोंना त्या धंद्यात ‘रेफरन्स’ म्हणतात. एकच फोटो दिला तर फलकावर जवळजवळ तेच मूल उतरते. पाच-सहा दिले तर एकीची वेणी, दुसऱ्याचे पुढचे दात आणि तिसरीची खळी एकत्र येऊन कोणाचेच नसलेले मूल तयार होते. पालकाने विचारले तर शाळा छातीठोकपणे सांगू शकते, ‘अहो, ही तुमची मुलगी नाहीच.’ आणि ते खोटेही नसते.

म्हणूनच आमलीतल्या एखाद्या आईने शाळेला पत्र लिहायचे ठरवले, तर ‘माझ्या मुलीचा फोटो जाहिरातीत वापरू नये’ एवढ्याने भागणार नाही. शाळा ते पत्र प्रामाणिकपणे फाइलला लावेल आणि फोटो प्रामाणिकपणे फलकवाल्याला पाठवेल. पत्रात कृतीचेच नाव घ्यावे लागेल. मजकूर साधारण असा:

‘मा. मुख्याध्यापक यांस, माझ्या मुलीचे फोटो वर्गाच्या अल्बममध्ये व शाळेच्या वार्षिक अंकात छापण्यास माझी हरकत नाही. मात्र तिचा कोणताही फोटो एआय साधनात नमुना किंवा रेफरन्स म्हणून टाकू नये, मग तयार होणाऱ्या चित्रात तिचा चेहरा ओळखू येवो वा न येवो. शाळेच्या वतीने काम करणारे छायाचित्रकार व फलकवाले यांनाही हे लागू राहावे. याआधी असे झाले असल्यास ते कोणत्या साधनात व कोणाच्या खात्यातून झाले, हे लेखी कळवावे आणि तिथले फोटो काढून टाकावेत.’

पहिले वाक्य सौजन्यासाठी घातलेले नाही. सरसकट मनाई केली की पुढच्या कार्यक्रमात त्या मुलीला ‘तू जरा बाजूला उभी राहा’ असे सांगितले जाते, आणि शिक्षा झाल्यासारखे तिलाच वाटते. ‘ओळखू येवो वा न येवो’ हे शब्द शाळेच्या वरच्या उत्तरासाठी आहेत. शेवटच्या वाक्यातला ‘कोणाच्या खात्यातून’ हा तुकडा मात्र बहुतेक पालकांना सुचणार नाही. फोटो शाळेच्या संगणकातून पुसला तरी फलकवाल्याच्या फोनमध्ये एक प्रत असते, त्याच्या एआय खात्याच्या इतिहासात दुसरी, आणि कंपनीच्या सर्व्हरवर तिसरी. अनेक साधनांमध्ये, विशेषतः फुकटच्या, टाकलेली चित्रे मॉडेल शिकवायला वापरण्याची मुभा कंपनीने अटींमध्येच घेतलेली असते आणि ती नाकारायची तर सेटिंग शोधून बंद करावे लागते. ते बंद केले होते का, हे फक्त खातेदार सांगू शकतो, आणि खातेदार शाळा नसते. एकदा शिकवणीत गेलेला फोटो मॉडेलमधून नेमका वेचून काढण्याची भरवशाची सोयही आज नाही.

‘प्रवेश अर्जावर तुम्ही सही केली आहे’ असे शाळा म्हणेल. अर्जात फोटो ‘शालेय उपक्रम व प्रसिद्धीसाठी’ वापरण्याचे एक वाक्य बहुधा असतेच. पण संसदेने 2023 मध्ये केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची व्याख्या बरीच चिवट आहे. संमती विशिष्ट कारणापुरती, नीट माहिती देऊन घेतलेली आणि बिनशर्त हवी. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणे सोपे हवे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत ती पालकाकडून, पडताळता येईल अशी घ्यायची आहे. शाळांना काही सवलत आहे, पण ती शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी लक्ष ठेवण्यापुरती. प्रवेशाच्या फलकाचा त्यात कुठे उल्लेख नाही. फलकवाल्याने केले म्हणून शाळा सुटत नाही, कारण त्याला काम देणाऱ्यावरच कायदा जबाबदारी टाकतो.

इथे आईने थोडे सबुरीनेही घ्यावे. कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि संमतीची मुख्य कलमे त्यानंतर दीड वर्षाने, म्हणजे मे 2027 च्या सुमारास लागू व्हायची आहेत. मुलांविषयीच्या कर्तव्यात कसूर झाली तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत असू शकतो. हा आकडा पत्रात घालू नये. मुख्याध्यापक आधी हसतील आणि मग वकिलाला फोन लावतील, पत्राचे उत्तर मात्र राहून जाईल. शिवाय संमती मागे घेतली तरी त्याआधी झालेला वापर त्यामुळे बेकायदा ठरत नाही, असेही कायद्यातच आहे. तेव्हा पत्र फलक लागल्यावर नव्हे, आधी द्यावे.

फलक लागलाच असेल, तर तो एआयचा आहे का हे जवळ जाऊन पाहिले की पुष्कळदा कळते. गणवेशाच्या खिशावरच्या बिल्ल्यात अनेकदा शाळेचे नाव नसून अक्षरांसारखे काहीतरी असते. देवनागरी मजकूर साधनाकडूनच काढून घेतला असेल तर वेलांट्या भलत्याच अक्षरांवर बसलेल्या असू शकतात. मूल ओळखायचे तर डोळे-नाक सोडून कानाची ठेवण, दातांतली फट, कपाळावरचा व्रण पाहावा.

आणखी एक खूण आपल्या भागापुरती. 2011 च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी होती. शाळेच्या पटावर वारली, कोकणा, धोडिया घरांतली मुले असतात, रेफरन्सला दिलेल्या फोटोंतही असतात. फलकावर येईपर्यंत ती बहुधा दोन छटा उजळ झालेली असतात, कारण या साधनांना ‘हुशार, हसरे शाळकरी मूल’ सांगितले की त्यांचा हात तिकडेच वळतो. म्हणजे चेहरा घ्यायचा मुलीचा आणि रंग मात्र तिचा नको. यावर आजवर कोणी फलकवाल्याला टोकल्याचे ऐकिवात नाही. गिऱ्हाईक खूश असते.

शाळेचे काही अडणार नाही. कोणाचाच फोटो न देता साधनाकडून मुले काढून घेता येतात, नाहीतर आहे त्या वर्गाचा खरा फोटो त्या मुलांच्या पालकांना विचारून छापता येतो. दुसऱ्या पर्यायात मायक्रोस्कोप असावा लागतो, एवढीच अडचण. आणि ‘आम्ही असले काही करतच नाही’ असे मुख्याध्यापकांनी सांगितले, तर पत्राखाली तेवढेच एक वाक्य शिक्क्यासह लिहून मागावे.