दातांवरचा आळ

सात-आठ महिन्यांचं मूल महिन्यात दुसऱ्यांदा जुलाबानं बेजार झालं की घरात निदान आधीच तयार असतं: दात येताहेत. शेजारीण तेच सांगते, मामी फोनवरून तेच सांगते, आणि दवाखान्यात नेण्याआधीच चौकशी संपते. एकदा दोष दातांवर ढकलला की बाटली कुणी धुतली, लापशी किती वाजता शिजवली आणि किती वाजता भरवली, हे कुणी विचारत नाही. या समजुतीचं खरं नुकसान इथे आहे. हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिरं होतं, इतपत दातांचा संबंध मान्य करता येईल. पातळ, पाण्यासारख्या जुलाबांशी त्यांचा संबंध नाही.

हे तपासून झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पाळणाघरांतल्या मुलांच्या हिरड्या संशोधकांनी रोजच्या रोज पाहिल्या आणि त्याच दिवसांतल्या शौचाची, तापाची नोंद ठेवली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी शंभराहून अधिक मुलांच्या पालकांकडून अशीच रोजची नोंद घेतली. दोन्ही अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत दात फुटण्याच्या दिवसांचा जुलाबांशी संबंध दिसला नाही. मग हा समज पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? कारण वेळ जुळते. सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात येतो. त्याच सुमारास वरचं अन्न सुरू होतं, मूल रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि आईकडून जन्माआधी मिळालेलं संरक्षण ओसरत जातं. लुधियाना जिल्ह्यातल्या खन्ना परिसरात १९५०च्या दशकात जॉन गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव नोंदी ठेवल्या, तेव्हा जुलाबांचा जोर वरचं अन्न सुरू होण्याच्या याच काळात दिसला. बोट अन्नाकडे जात होतं, दातांकडे नाही.

अन्नात नेमकं काय घडतं, हे गांबियातल्या केनेबा गावानं दाखवलं. तिथे मायकेल रोलंड आणि सहकाऱ्यांनी बाळांच्या लापशीचे नमुने तपासून १९७८ साली निष्कर्ष मांडले. पावसाळ्यात बाया शेतावर जात, म्हणून लापशी सकाळी एकदाच शिजायची आणि दिवसभर पुरवली जायची. ठेवलेल्या लापशीत तासागणिक जंतू वाढत गेले आणि पावसाळ्यात प्रकार सर्वांत वाईट होता. जुलाबही तेव्हाच जास्त.

आता हाच हिशेब आपल्याकडच्या एका सर्वसाधारण घरात मांडून पाहू. आई नऊ वाजता कामावर निघते, म्हणून नाचणीच्या सत्त्वाची लापशी साडेसातला शिजवून होते. शिजताना बहुतेक जंतू मेलेले असतात. आठ वाजता बाळाला काही चमचे भरवले जातात, आणि तोच उष्टा चमचा पातेल्यात जातो. साडेआठपर्यंत लापशी कोमट झालेली असते. समजा, तिच्यात दहाच जंतू गेले. उबदार हवेत त्यांची संख्या दर अर्ध्या तासाला दुप्पट होते असं धरलं, तर साडेबारा वाजता ते अडीच हजारांवर जातात आणि चार वाजताच्या भरवण्याला सव्वातीन लाखांच्या पुढे. प्रत्यक्षात सुरुवातीला वेग थोडा कमी असतो, थंडीत आणखी कमी, पण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चित्र फार वेगळं नसतं. लापशीला वास येत नाही, चव बदलत नाही. आजी चाखून पाहते, चांगली लागते आणि ती निर्धास्तपणे भरवते. आंबूस वास हा फार उशिरा येणारा पुरावा आहे. त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘भरवण्याआधी पुन्हा गरम करतो की!’ हे उत्तर दोन ठिकाणी लंगडं पडतं. एक तर बाळासाठी गरम करणं म्हणजे बहुतेक घरांत कोमट करणं, आणि कोमट उष्णता जंतूंच्या वाढीला पोषकच असते. दुसरं, सगळीकडून खदखदून उकळलं तरी काही गोष्टी उरतात. भाताच्या पेजेत बॅसिलस सीरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू पहिल्या शिजवण्यातूनही वाचतात, आणि पेज तशीच राहिली तर तो जे विष तयार करतो त्यातला एक प्रकार उकळण्यानं नष्ट होत नाही. हाताच्या जखमेतून, नाकातून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या विषाचंही तसंच. ठेवलेली पेज उकळून घेणं हे न उकळण्यापेक्षा बरं, पण ताज्या पेजेची बरोबरी त्यात नाही. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत भरवायचं आणि उष्टं उरलेलं बाळासाठी पुन्हा वापरायचं नाही, या नियमाला पर्याय सापडलेला नाही.

बाटलीची गोष्ट आणखी कठीण. ‘गरम पाण्यानं विसळून घेतो’ असं सांगणाऱ्या घरात बाटली स्वच्छ दिसतेही. पण दूध साचतं ते दिसणाऱ्या भागात नाही. ते साचतं निपलच्या आतल्या घडीत, भोकाच्या काठावर आणि झाकणाच्या आट्यांत. एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रबरी नळीच्या बाटल्या घरोघरी होत्या, कारण बाळ स्वतःच पीत पडून राहायचं. नळी आतून घासताच येत नव्हती. त्या बाटल्यांनी इतकी मुलं दगावली की फ्रान्सनं १९१० साली त्यांच्यावर बंदी घातली. आजच्या बाटलीला नळी नाही, पण अडचणीच्या जागा आहेतच.

म्हणून उकळण्याच्या आधी घासणं येतं. दुधाचा थर तसाच ठेवून बाटली उकळली तर तो थर शिजून अधिक घट्ट चिकटतो आणि त्याच्या आड जंतूंना आसरा मिळतो. दूध पिऊन झाल्याबरोबर बाटली साध्या पाण्यानं विसळायची. मग बाटली, निपल, कडी, झाकण सगळं सुटं करून साबणानं, बाटलीच्या वेगळ्या ब्रशनं घासायचं. निपल उलटं करून आतून चोळायचं आणि त्याच्या भोकातून पाणी दाबून काढायचं. वाळल्यावर बाटली उजेडात धरली आणि आत धूसर पापुद्रा दिसला, बोटाला आतून बुळबुळीत लागलं किंवा निपलला आंबट वास आला, तर घासणं झालेलं नाही. चिकट झालेलं, चिरलेलं निपल टाकूनच द्यायचं.

नंतर मोठ्या पातेल्यात सगळे भाग पूर्ण बुडतील असं पाणी घ्यायचं. बाटलीत हवेचा बुडबुडा अडकला तर तो भाग कोरडा राहतो, म्हणून ती तिरपी करून भरायची. पाण्याला खळखळून उकळी आली की तिथून १० मिनिटं मोजायची. नंतर झाकण ठेवून सगळं त्याच पातेल्यात राहू द्यायचं आणि लागेल तेव्हा धुतलेल्या हातानं किंवा चिमट्यानं काढायचं. इथे सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे उकळलेली बाटली ओट्यावरच्या फडक्यानं पुसणं. त्या एका पुसण्यानं दहा मिनिटांची मेहनत वाया जाते. विजेवर चालणारी वाफेची यंत्रं आणि क्लोरीनचा द्राव चालतो, पण आधी घासणं त्यांनाही चुकत नाही.

बाटली निर्जंतुक झाली तरी पावडरचं दूध निर्जंतुक नसतं, ही माहिती फारच कमी घरांत पोचली आहे. बंद डब्यातल्या पावडरमध्येही क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात, आणि पहिल्या दोन महिन्यांच्या बाळांना त्यांचा धोका सर्वाधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या मार्गदर्शनानुसार पावडर ७० अंशांच्या खाली न गेलेल्या पाण्यात कालवायची, मग बाटली थंड पाण्यात धरून दूध पिण्याजोगं करायचं आणि दोन तासांत न संपलेलं ओतून द्यायचं. तयार दूध थर्मासमध्ये भरून प्रवासाला नेण्याची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. थर्मास दुधाला तासन्‌तास उबदार ठेवतो आणि जंतूंना हवी असते तीच ऊब. थर्मासमध्ये उकळतं पाणी न्यावं आणि पावडर वेगळी, कोरडी. ऐन वेळी कालवावी.

इतकी यातायात पाहिल्यावर उलट प्रश्न विचारायला हवा: बाटली हवीच कशाला? सहा महिने फक्त आईचं दूध आणि नंतर वरचं दूध लागलंच तर वाटी-चमचा, हे भारतीय बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. बाटलीची जाहिरात करणं आपल्याकडे १९९२च्या कायद्यानं गुन्हा आहे, तो उगीच नाही. आईचं काढलेलं दूधही वाटीनं पाजता येतं. वाटी आत-बाहेर सगळीकडून दिसते, सगळीकडून घासता येते. मात्र जुनं ते सगळं निर्धोक, असंही नाही. घरातलं चांदीचं बोंडलं प्रेमानं जपलेलं असतं, पण त्याची चोच अरुंद असेल तर ती निपलइतकीच अडचणीची. बाळगुटीची सहाण तर बहुतेक घरांत नुसती पाण्यानं धुतात. तिच्या खरबरीत पृष्ठभागात कालचा थर राहतो, त्यावर आज न उकळलेल्या पाण्यानं मुरुडशेंग आणि वेखंड उगाळतात आणि काही दिवसांच्या बाळाला चाटवतात. पोट साफ राहावं म्हणून दिलेली गुटीच पोट बिघडवते.

सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप कामावर जाणाऱ्या आयांचा आहे, आणि तो झटकून टाकणं अन्यायाचं होईल. दिवसातून चारदा ताजं शिजवायला वेळ कुणाकडे आहे? पण चारदा शिजवण्याची गरजही नाही. तांदूळ आणि मूगडाळ भाजून केलेलं पीठ, नाचणीचं सत्त्व कोरड्या बरणीत कोरड्या चमच्यानं वापरलं तर टिकतं, कारण पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. दोन चमचे पीठ आणि वाटीभर पाणी दहा मिनिटांत शिजतं, तेही एका वेळेपुरतं. दुपारी घरात वरण-भात होणारच असेल तर तिखट-मीठ घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढून कुस्करता येतो. बाळाचं सगळं सकाळीच करून ठेवण्याऐवजी आजीला किंवा पाळणाघराच्या ताईंना कोरडं पीठ द्यायचं, एवढाच बदल आहे. हात साबणानं धुवायचे ते शिजवण्याआधी आणि पुन्हा भरवण्याआधी. लंगोट बदलल्यावर तर धुवायचेच.

‘थोडी घाण पोटात गेली की प्रतिकारशक्ती वाढते’ या युक्तिवादाला मात्र कसलीही सवलत देता येत नाही. वारंवारच्या जुलाबांनी आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन घटतं आणि अशक्त मूल पुढच्या जुलाबाला लवकर बळी पडतं. प्रतिकारशक्ती लसीतून येते. सगळी स्वच्छता पाळणाऱ्या घरातही रोटाव्हायरस शिरतो, म्हणून सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातली त्याची मोफत सरकारी लस चुकवायची नाही. आणि जुलाब झालेच तर ओआरएस, चौदा दिवस झिंक आणि अंगावरचं दूध व नेहमीचं खाणं चालू ठेवणं हा उपाय आहे. शौचातून रक्त पडत असेल, लघवी बंद झाली असेल, डोळे खोल गेले असतील किंवा मूल प्यायलाच तयार नसेल, तर तडक डॉक्टरकडे.

दवाखान्यातही यात एक बदल हवा. त्याच मुलाला महिन्यात दुसऱ्यांदा जुलाब झाले म्हणून आणलं, तर अँटिबायोटिक लिहिण्याआधी चार प्रश्न विचारले जावेत: दूध कशातून पाजता, ते भांडं शेवटचं कधी उकळलं, आज सकाळचं अन्न किती वाजता शिजवलं आणि किती वाजेपर्यंत भरवलं. उत्तरं केसपेपरवर लिहिली जावीत आणि पुढच्या भेटीत तेच प्रश्न पुन्हा विचारले जावेत.