तुमचे दोन फंड एकाच महिन्यात पडतात का? घरीच तपासा

तुमच्याकडे दोन म्युच्युअल फंड आहेत. एक लार्ज कॅप, एक फ्लेक्सी कॅप. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, एसआयपीच्या तारखाही वेगळ्या. पैसे दोन ठिकाणी आहेत, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात.

ते खरंच दोन ठिकाणी आहेत का, हे तुमच्या स्टेटमेंटवरून कळतं. एका रविवारची दुपार पुरते. शेअर बाजार कळायलाच हवा असं नाही. टक्केवारी काढता आली की झालं.

प्रश्न साधा आहे. एक फंड खाली जातो, तेव्हा दुसरा त्याच महिन्यात काय करतो? दोघंही बरोबरच पडत असतील, तर ऐन गरजेच्या वेळी दुसऱ्या फंडाचा आधार मिळणार नाही. मुलीची फी भरायची असेल त्याच महिन्यात दोन्हीकडे तोटा दिसेल.

आधी स्टेटमेंट काढा. सगळ्या फंडांचं मिळून जे एकत्रित स्टेटमेंट येतं, ज्याला लोक ‘कॅस’ म्हणतात, ते घ्या. एसआयपी चालू असेल तर ते दर महिन्याला ईमेलवर येतं. व्यवहारच झाला नसेल तर सहा महिन्यांतून एकदा येतं. मधल्या महिन्यांचे आकडे नसतील तर फंडांची संघटना असलेल्या ‘ॲम्फी’च्या वेबसाइटवर जुनी एनएव्ही मिळते. एक सांगून ठेवतो. स्टेटमेंटवर तुमचा पॅन आणि फोलिओ नंबर असतो. ‘आम्ही फुकट विश्लेषण करून देतो’ म्हणणाऱ्या कुठल्याही अनोळखी साइटवर ते चढवू नका.

आता स्टेटमेंटमध्ये काय बघायचं? बहुतेकांची नजर ‘बाजारमूल्य’ या मोठ्या आकड्यावर जाते. तो आकडा या कामाचा नाही. का, ते बघा.

समजा मागच्या महिनाअखेरीला तुमच्या फंडाचं मूल्य १,००,००० रुपये होतं. या महिनाअखेरीला ते १,०२,००० झालं. तुम्हाला वाटेल, दोन टक्के वाढ झाली. पण महिन्याच्या शेवटच्या दिवशी ५,००० रुपयांची एसआयपी गेली होती. ती वजा करा. उरले ९७,०००. म्हणजे फंड तीन टक्के पडला आहे. तुमच्याच खिशातून गेलेले पैसे तुम्हाला कमाई म्हणून दिसत होते.

म्हणून एनएव्ही घ्या, म्हणजे एका युनिटची किंमत. तुम्ही किती पैसे घातले किंवा काढले, याचा तिच्यावर परिणाम होत नाही. वरच्या उदाहरणात एनएव्ही ५१.०० वरून ४९.४७ झाली असेल. भागाकार करून बघा, तीन टक्केच घट निघते.

दोन्ही फंडांची एनएव्ही एकाच तारखेची हवी, महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाची. एकाची २५ तारखेची आणि दुसऱ्याची ३१ तारखेची घेतलीत, तर दोघांची चाल वेगळी भासेल. तो वेगळेपणा खोटा असेल.

‘ग्रोथ’ पर्याय असेल तर एवढंच पुरे. लाभांश देणारा पर्याय असेल, ज्यापुढे स्टेटमेंटवर IDCW लिहिलेलं असतं, तर वाटप झालं की एनएव्ही तेवढी उतरते. तो तोटा नव्हे. त्या महिन्याच्या एनएव्हीत प्रति युनिट मिळालेली रक्कम मिळवा आणि मग टक्केवारी काढा. पुढच्या महिन्याची टक्केवारी मात्र मूळ, उतरलेल्या एनएव्हीवरूनच काढा.

आता संगणकावर किंवा मोबाइलवर एक शीट उघडा. A मध्ये तारीख, B मध्ये पहिल्या फंडाची एनएव्ही, C मध्ये दुसऱ्याची. पहिली ओळ मथळ्याची. दुसऱ्या ओळीपासून ३८ व्या ओळीपर्यंत ३७ महिनाअखेरी भरा, सगळ्यात जुनी वर. त्यातून ३६ महिन्यांचा परतावा मिळतो. D3 मध्ये पहिलं सूत्र, E3 मध्ये दुसरं लिहा आणि दोन्ही खाली ओढा.

```
=B3/B2-1
=C3/C2-1
```

मग एका रिकाम्या चौकोनात हे लिहा.

```
=CORREL(D3:D38,E3:E38)
```

जो आकडा येईल तो उणे १ ते अधिक १ यांच्या मधला असेल. यालाच सहसंबंध किंवा कोरिलेशन म्हणतात. १ च्या जवळ असेल तर दोन्ही फंड बरोबर चढतात, बरोबर उतरतात. शून्याच्या आसपास असेल तर एकाच्या चालीवरून दुसऱ्याची सांगता येत नाही. उणे असेल तर एक पडतो तेव्हा दुसरा बहुधा सावरतो.

इथे एक चूक फार जण करतात. परताव्याऐवजी थेट एनएव्हीचे स्तंभ, म्हणजे B आणि C, सूत्रात घालतात. दोन्ही फंड तीन वर्षांत वाढले असतील तर उत्तर बहुधा मोठंच येतं, मग त्यांचा एकमेकांशी काही संबंध असो वा नसो. सूत्रात D आणि E आहेत ना, ते दोनदा बघा.

हे कसं दिसतं ते सहा महिन्यांच्या छोट्या हिशेबावर बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, टक्क्यांत आहेत. तिसरा स्तंभ गोल्ड फंडाचा आहे.

| महिना | लार्ज कॅप | फ्लेक्सी कॅप | गोल्ड |
|---|---|---|---|
| १ | २ | ३ | २ |
| २ | −३ | −४ | २ |
| ३ | ४ | ५ | १ |
| ४ | १ | १ | −१ |
| ५ | −२ | −३ | ० |
| ६ | ४ | ४ | २ |

लार्ज कॅप आणि फ्लेक्सी कॅप यांचं कोरिलेशन येतं ०.९९. दुसरा आणि पाचवा महिना बघा. दोघंही बरोबर पडले. लार्ज कॅप आणि गोल्ड यांचं येतं ०.१६. त्या दोन महिन्यांत सोनं पडलं नाही.

आता याचा तुमच्या पैशाला काय फायदा? तो मोजायला चढउताराचा आकडा काढा. सूत्र `=STDEV.S(D3:D38)`. आकडा जितका मोठा, तितके हेलकावे जास्त. वरच्या हिशेबात लार्ज कॅपचा २.९७ येतो, फ्लेक्सी कॅपचा ३.७४. दोघांची सरासरी ३.३५.

मग F3 मध्ये `=(D3+E3)/2` लिहून दोघांत निम्मे-निम्मे पैसे ठेवल्याचा परतावा काढा. खाली ओढा आणि त्या स्तंभाचा चढउतार काढा. तुमची वाटणी निम्मी नसेल, समजा सत्तर-तीस असेल, तर `=0.7*D3+0.3*E3` लिहा. सरासरीही मग त्याच वाटणीने काढा.

आपल्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा चढउतारही ३.३५ च येतो. दोन फंड ठेवून हेलकावे काडीचेही कमी झाले नाहीत. लार्ज कॅप आणि गोल्ड निम्मे-निम्मे घ्या. गोल्डचा चढउतार १.२६, दोघांची सरासरी २.१२. पण मिश्रणाचा आकडा येतो १.७०. सरासरीपेक्षा मिश्रणाचा आकडा जेवढा खाली, तेवढाच पैसे वाटून ठेवल्याचा खरा लाभ. माझ्या मते कोरिलेशनपेक्षा ही तुलना घरच्या माणसाला जास्त उपयोगाची आहे.

दोन वेगळ्या कंपन्यांचे फंड असे एकसारखे का वागतात? कारण पैसे शेवटी त्याच शेअरांत जातात. लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांत ठेवावेच लागतात. फ्लेक्सी कॅपला तसं बंधन नाही, पण तोही बराच पैसा त्याच मोठ्या कंपन्यांत ठेवू शकतो. फंड दर महिन्याला आपली शेअरांची यादी जाहीर करतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स अशी तीच नावं दोन्हीकडे वर दिसली, तर आकड्याचं कारण कळलं.

घराघरांत आणखी एक गोष्ट आढळते. नवऱ्याच्या नावावर एका फंडाचा ‘रेग्युलर’ प्लॅन, बायकोच्या नावावर त्याच फंडाचा ‘डायरेक्ट’. स्टेटमेंटवर दोन ओळी. फंड एकच, फरक फक्त खर्चाचा. तिथे कोरिलेशन काढत बसू नका, ते जवळजवळ १ च येणार.

आता आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? बाराच महिने घेतलेत आणि ०.५ आलं, तर खरा आकडा उणे ०.१ पासून ०.८ पर्यंत कुठेही असू शकतो. एवढ्या मोठ्या फटीतून काही ठरवता येत नाही. ३६ महिने घेतले तर तीच फट साधारण ०.२ ते ०.७ होते. अजूनही रुंद आहे, पण चालण्याजोगी आहे. म्हणून ०.६ की ०.६५ यावर घरात वाद घालू नका. ०.९५ आणि ०.२ यांतला फरक तेवढा खरा माना.

एखादा भयंकर महिनाही सगळा आकडा ओढून नेतो. मार्च २०२० मध्ये निफ्टी एका महिन्यात सुमारे २३ टक्के पडला होता. त्या वेळी लहान-मोठे सगळे शेअर एकदमच कोसळले. तुमच्या आकड्यांत असा महिना असेल, तर तो धरून एकदा आणि वगळून एकदा असं दोनदा मोजा. दोन उत्तरांत मोठा फरक आला, तर तो महिना धरून आलेलं उत्तर जवळ ठेवा. फंडाची सोबत लागते ती अशाच महिन्यात.

आणि हेही लक्षात असू द्या. कोरिलेशन फक्त चालीची दिशा जुळते का ते सांगतं, कोण जास्त कमावतो ते सांगत नाही. ०.९९ असूनही एका फंडाने तीन वर्षांत दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त दिलेलं असू शकतं.

०.९५ आलं म्हणून लगेच फंड विकायला धावू नका. वर्षाच्या आत इक्विटी फंड विकला तर नफ्यावर २० टक्के कर लागतो. वर्षानंतर विकला, तर एका आर्थिक वर्षातल्या १.२५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के. शिवाय वर्षाच्या आत काढल्यास बऱ्याच फंडांत एक टक्का एक्झिट लोड कापतात. त्यापेक्षा दोनपैकी एकाची एसआयपी थांबवा. जुने युनिट तिथेच राहू द्या. थांबवलेली रक्कम कुठे वळवायची, ते सावकाश ठरवा.

ठरवताना तीच शीट वापरा. जो नवा फंड कुणी सुचवेल, त्याच्या ३७ महिनाअखेरीच्या एनएव्ही आणून नव्या स्तंभात भरा. तुमच्या चालू फंडाशी कोरिलेशन आणि मिश्रणाचा चढउतार काढा. सुचवणारा माणूस घरी चहाला येईल, तेव्हा ही शीट त्याच्यासमोर उघडी ठेवा.