पाणी उलटते तेव्हा

माझ्या थोरल्या बहिणीचे घर कळवणला. गेल्या वर्षी मे महिन्यात मी तिच्याकडे आठ दिवस राहायला गेलो होतो. चवथ्या दिवशी पहाटे भाऊजींच्या हाकेने जाग आली. हाक कसली, किंकाळीच ती! "मास्तर, उठा! तळ्यात विष टाकलंय कुणीतरी!"

धावत गेलो. भाऊजींचे शेततळे चांगले पंचवीस फूट खोल, तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. उन्हाळ्यात डाळिंबांना पाणी मिळावे म्हणून खोदलेले. त्यातच कटला आणि रोहू सोडलेले. आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला होता. गारा पडल्या, वारा तर असा सुटला की गोठ्याचे दोन पत्रे उडाले. आणि आता तळ्यावर पांढऱ्या पोटांचा थर तरंगत होता. दोनअडीचशे मासे सहज असतील. उरलेले पृष्ठभागाशी तोंडे उघडून धापा टाकीत होते. काल हिरवे असलेले पाणी रात्रीत काळपट झाले होते, आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता.

विष "कुणीतरी" टाकले म्हणजे कुणी, हे भाऊजींनी मनाशी ठरवूनच टाकले होते. बांधापलीकडे त्यांच्या चुलतभावाचे तळे. दोघांत बांधावरून तीन वर्षे बोलणे नव्हते. पाऊस दोघांच्याही तळ्यांवर पडला, मासे दोघांनीही पाळलेले. पण चुलतभावाच्या तळ्यातला एकही मासा मेला नव्हता! पुरावा आणखी कसला हवा? भाऊजी पोलीस चौकीत जायला निघाले. ताई रडू लागली.

मी जन्मभर शाळेत शास्त्र शिकवले. मी म्हटले, "भाऊजी, तासभर थांबा. आधी माशांनाच विचारू."

मासे बोलले ते असे. मेलेले बहुतेक मोठे होते आणि बोटाएवढी पिल्ले अजून तग धरून होती. विषाने सहसा पिल्ले आधी मरतात; प्राणवायू कमी पडला की मोठ्या शरीराचे आधी मरतात, कारण त्यांना तो जास्त लागतो. दुसरे म्हणजे, पाण्यावर पाणकिडे मजेत फिरत होते. फवारणीच्या औषधाने पहिल्यांदा किडे मरायला हवेत. हे किडे वर येऊन हवेतला श्वास घेतात, म्हणून पाण्यातला प्राणवायू संपला तरी त्यांचे अडत नाही. मग मी ताईच्या घरचे तापमापक दोरीला बांधले. वजन लावलेली बुचाची बाटली तळापर्यंत सोडून, बुचाची वेगळी दोरी ओढून खालचे पाणी वर काढले. वरचे पाणी 28 अंश, तळाचेही 28 अंश.

आता तुम्ही म्हणाल, यात काय नवल? नवल आहे. मे महिन्यातल्या खोल तळ्यात वरचे आणि खालचे पाणी सारखे गरम असताच कामा नये.

उन्हाळ्यात सूर्य पाण्याचा वरचा भाग तापवतो. गरम पाणी हलके असते, म्हणून ते वरच राहते. हिवाळ्यात थंडावलेले पाणी जड असते, ते खाली बसते. फरक चारपाच अंशांचाच असतो, पण आपल्या उष्ण मुलखात तेवढा पुरतो. पाणी 29 अंशांवरून 30 वर गेले की ते जितके हलके होते, ते थंड देशातल्या तळ्यात 4 वरून 5 अंशांवर जाताना होते त्याच्या पस्तीस पटींहून अधिक! नेहमीचा वारा एवढा फरक मोडू शकत नाही. एका तळ्याची जणू दोन तळी होतात, एकावर एक.

वरच्या मजल्यावर ऊन, हिरवे शेवाळ आणि भरपूर प्राणवायू. खालचा मजला अंधारा. तिथे माशांचे उरलेले खाद्य, विष्ठा आणि मेलेले शेवाळ पडत राहते, कुजत राहते. कुजताना असलेला प्राणवायू संपतो, आणि नवा वरून येत नाही. मग कुजक्या अंड्यांच्या वासाचा तो विषारी वायू साचतो. ताई दोन दिवस आधीच तक्रार करीत होती, "इंजिनाचं पाणी थंडगार येतंय, पण घाण वास मारतंय." इंजिनाचा पाइप तळाशी होता. खबर आली होती, ती आम्हांला वाचता आली नाही.

मग वळीव आला. गारांनी आणि थंड पावसाने वरचे पाणी गार होऊन जड झाले, वाऱ्याने ढवळले, आणि दोन मजल्यांमधली भिंत पडली. यालाच पाणी उलटणे म्हणतात. साधा हिशेब करू. वरचे पाणी दोन भाग, लिटरला 6 मिलिग्रॅम प्राणवायू. खालचे एक भाग, शून्य. मिसळल्यावर 4 उरले. तेवढ्यात मासे जगले असते. पण तळातून वर आलेली अर्धवट कुजलेली घाण आणि तो वायू उरलेला प्राणवायूही खातात. त्यात रात्र, म्हणजे शेवाळही प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागते. पहाटेपर्यंत 1 उरला तर मासे मरणारच. दुपारी ऊन पडून तो पुन्हा वाढतो; म्हणून पाणी तपासायचे तर सूर्योदयापूर्वी. उशिरा घेतलेल्या नमुन्यात काहीच सापडत नाही, आणि संशय मात्र पक्का होतो.

"मग त्याचे का नाही मेले?" भाऊजींनी विचारले. कारण चुलतभावाचे तळे दहाच फूट खोल. तिथे रोजचा वारा तळापर्यंत पाणी हलवतो. खालचा मजला बांधलाच जात नाही.

भाऊजी म्हणाले, "मग आमचं चणकापूरचं धरण तर केवढं खोल! तिथे तर दरवर्षी मढी पडायला हवीत." प्रश्न रास्त होता. गिरणेवरच्या त्या धरणातून उन्हाळ्यात आवर्तने सुटतात. असे पाणी खोलवरच्या दारातून सोडले की तळचे शिळे पाणी निघून जाते, आणि पातळी उतरत गेली की वारा तळाजवळ पोहोचतो. शिवाय मोकळा मासा चांगल्या पाण्याकडे पळू शकतो. पळता न येणाऱ्यांचे हाल इंडोनेशियात पाहावेत. जावातील चितारुम नदीवर सागुलिंग, चिराता आणि जातिलुहूर अशी तीन मोठी धरणे आहेत. त्यांत जाळ्यांच्या पिंजऱ्यांत मासे पाळतात. पावसाळ्याच्या तोंडी आभाळ भरून गार वारा सुटला की पाणी उलटते आणि पिंजऱ्यांतले मासे ढिगांनी मरतात. तिथल्या लोकांनी त्याला 'उंबालान' असे नावच दिले आहे.

भाऊजी चौकीत गेले नाहीत. त्या सकाळी खाद्य बंद करून आम्ही पाइप अर्ध्या उंचीवर घेतला आणि पाणी उंच उडवून पुन्हा तळ्यातच पाडले. चारसहाशे मासे वाचले. त्यासाठी दुसरे इंजिन ज्याने आणून दिले, तो बांधापलीकडचा चुलतभाऊ. बांधाचा वाद मिटला असे नाही. पण इंजिन मागायला भाऊजी स्वतः गेले होते.

यंदा फाल्गुनापासून, थर धरण्यापूर्वीच, ते रोज दुपारी दोन तास तळचे पाणी वर फेकतात. भर वैशाखात एकदम तळ ढवळू नये, हे त्यांना मी बजावले आहे. नाहीतर वळवाचे काम आपणच करून बसू. आता दिवाळीनंतर थंडी पडेल आणि खोल तळी पुन्हा एकदा वरखाली होतील. पण हळूहळू, रात्रीमागून रात्री, तेव्हा बहुधा धोका नाही. तरी भाऊजींनी कळवले आहे, "बाटली आणि दोरी जपून ठेवली आहे."