मोठा दिवस आणि डोक्यावरचा सूर्य

‘२१ जून हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस, म्हणून त्या दिवशी मुंबईत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो’, हे विधान अंकातील ‘चूक की बरोबर’ प्रश्नमंजूषेत ‘बरोबर’ ठरवले आहे. पूर्वार्ध खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. त्या दिवशी सूर्य कर्कवृत्तावर, सुमारे साडेतेवीस अंश उत्तरेला असतो. मुंबई १९ अंशांवर आहे. त्यामुळे माध्यान्ही सूर्य डोक्यापासून थोडा उत्तरेकडे कललेला असतो. मीटरभर उंचीच्या उभ्या काठीची सुमारे ८ सेंटिमीटर सावली तेव्हा दक्षिणेला पडते. मुंबईत शून्य सावलीचे दिवस मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येतात. हे उत्तर पुढील अंकात दुरुस्त व्हावे.