डॉलरचा ‘प्रीमियम’ म्हणजे भाकीत नव्हे

वाणिज्य शाखेच्या मुलांना परकीय चलनाचा धडा शिकवताना आपण बहुतेक जण एक सूत्र फळ्यावर लिहून मोकळे होतो. डावा आकडा लहान असेल तर मिळवा, डावा आकडा मोठा असेल तर वजा करा. मुलं पाठ करतात, परीक्षेत गुण मिळवतात. पण महाड एमआयडीसीतल्या एखाद्या रसायन कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरीला लागल्यावर तेच पोर बँकेचा कोट हातात आला की गडबडतं. माझं मत असं, की हे सूत्र शेवटी सांगावं. आधी ते का चालतं ते सांगावं, आणि त्याआधी दोन शब्दांचा घोळ निस्तरावा.

घोळ ‘प्रीमियम’ आणि ‘डिस्काउंट’ या शब्दांचा. आपल्याकडच्या मुलाला प्रीमियम म्हणजे विम्याचा हप्ता, आणि डिस्काउंट म्हणजे दिवाळीत दुकानात लागणारी सूट. दोन्ही अर्थ इथे कामाचे नाहीत. डॉलर प्रीमियमवर आहे याचा अर्थ एवढाच, की तीन महिन्यांनी द्यायच्या डॉलरचा आज ठरवलेला भाव आजच्या हजर भावापेक्षा जास्त आहे. कमी असेल तर डॉलर डिस्काउंटवर. आणि ‘कोणाचा’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला लावा. रुपयाच्या तुलनेत डॉलर प्रीमियमवर असेल, तर डॉलरच्या तुलनेत रुपया डिस्काउंटवर असतोच. एकच गोष्ट, दोन बाजूंनी सांगितलेली.

आता कोट वाचू. आकडे शिकवण्यापुरते धरलेले आहेत. बँक सांगते: हजर दर ८३.२० / ८३.२१, तीन महिने ३२ / ३४. पहिल्या जोडीत डावीकडचा दर बँक डॉलर विकत घेते तो, उजवीकडचा बँक डॉलर विकते तो. दुसऱ्या जोडीतले ३२ आणि ३४ हे दर नाहीतच, ते पैसे आहेत, हजर दरात मिळवायचे. यांनाच फॉरवर्ड पॉइंट्स म्हणतात. डाव्यात डावा, उजव्यात उजवा मिळवला की वायदा दर येतो ८३.५२ / ८३.५५.

महाडच्या एका निर्यातदाराला तीन महिन्यांनी एक लाख डॉलर येणार आहेत असं धरा. तो डॉलर विकणार, म्हणजे बँक घेणार, म्हणून त्याला डावा दर लागू. आज करार केला तर त्या दिवशी त्याच्या हाती ८३,५२,००० रुपये पक्के. हजर दराने हिशेब केला असता तर ८३,२०,०००. हे वरचे ३२,००० बँकेने उपकार म्हणून दिले का? की डॉलर वर जाणार असं बँकेला वाटतं म्हणून दिले? दोन्ही नाही.

इथे वर्गात भाताचं उदाहरण चालतं. पोलादपूरच्या मुलाला ते लगेच कळतं. कार्तिकात घेतलेलं भात पावसाळ्याच्या तोंडाला देण्याचा भाव व्यापारी आजच ठरवून देतो, तेव्हा तो त्यात गुंतलेल्या पैशाचं व्याज आणि गोदामाचा खर्च धरतो. पुढे भाव काय होईल याचं ते भाकीत नसतं, तो सांभाळण्याचा खर्च असतो. पैशाला गोदाम लागत नाही, पण व्याज असतं, तेही दोन्ही चलनांना. बँकेने निर्यातदाराला शब्द दिला की ती आजच डॉलर उसने घेते, विकून रुपये करते आणि ते रुपये तीन महिने व्याजाने लावते. निर्यातदाराचे डॉलर आले की त्यातून उसने फेडते. समजा रुपयावर वर्षाला ७ टक्के मिळतात आणि डॉलरवर ५.४ टक्के द्यावे लागतात. फरक १.६ टक्के, तीन महिन्यांचा ०.४ टक्के. ८३.२० चे ०.४ टक्के म्हणजे साधारण ३३ पैसे. कोटातले ३२ आणि ३४ हे त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेत ते उगाच नाही.

व्याजदरातल्या फरकाखेरीज डॉलरची मागणी-पुरवठा आणि रिझर्व्ह बँकेचे व्यवहार यांनीही हा आकडा थोडा हलतो, हे खरं. पण कणा व्याजाचाच. २०२२ च्या मार्चपर्यंत अमेरिकेचा धोरण दर जवळजवळ शून्य होता, आपला रेपो ४ टक्के. पुढे अमेरिकेने जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला, आपला रेपो फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर थांबला. फरक चारावरून एकाच्या आसपास आला आणि एका वर्षाचा डॉलर प्रीमियमही घसरून दोन टक्क्यांखाली गेला. त्याच २०२२ सालात हजर डॉलर सुमारे ७४ रुपयांवरून ८२ च्या पुढे गेला. म्हणजे प्रीमियम आटत होता आणि डॉलर महागत होता. प्रीमियमला भाकीत समजणाऱ्या पालकाला, विशेषतः मुलाच्या परदेशातल्या फीचे पैसे आज बदलावेत की उद्या या विचारात असलेल्याला, हे एक वर्ष दाखवलं तरी पुरे.

डिस्काउंटचं उदाहरण रुपयात शोधत बसू नका, जपानी येन घ्या. जपानचे व्याजदर बरीच वर्षं अमेरिकेपेक्षा खूप खाली राहिले आहेत, त्यामुळे येनच्या तुलनेत डॉलर डिस्काउंटवर दिसतो. समजा हजर दर १५०.०० / १५०.०२ आणि तीन महिने १८० / १७८. इथे शंभर पॉइंट म्हणजे एक येन. डावा मोठा, म्हणून वजा: १४८.२० / १४८.२४.

सूत्र विसरलं तरी ताळा करता येतो, आणि माझ्या मते हाच भाग मुलांकडून घटवून घ्यावा. खरेदी आणि विक्री दरातलं अंतर पुढच्या तारखेला वाढलं पाहिजे, कारण लांबच्या व्यवहारात बँकेची जोखीम जास्त. रुपयाच्या कोटात अंतर एका पैशाचं तीन पैसे झालं, बरोबर. येनमध्ये दोन पॉइंटचं चार झालं, तेही बरोबर. आता चुकवून पाहा. येनमध्ये मिळवलं तर दोन्हीकडे १५१.८०, अंतरच नाहीसं. रुपयात वजा केलं तर ८२.८८ / ८२.८७, म्हणजे बँक महाग घेऊन स्वस्त विकते. अशी बँक आठवडाभरही उघडी राहणार नाही, हे आठवीतलं पोरही सांगेल.

प्रत्यक्षात अडचण येते ती तारखेची. परदेशी गिऱ्हाईक ‘तिसऱ्या महिन्यात कधीतरी’ पैसे पाठवतो म्हणतो. तेव्हा निर्यातदार महिनाभराची मुदत ठेवून करार करतो, त्या महिन्यात कुठल्याही दिवशी डॉलर दिले तरी चालतात. पण प्रीमियम कुठपर्यंतचा मिळेल? डॉलर महिन्याच्या पहिल्याच दिवशी येऊ शकतात, म्हणून बँक फक्त मुदत सुरू होईपर्यंतचाच देते. दोन महिन्यांचे पॉइंट २१ असतील तर त्याला ८३.४१ मिळतील, ८३.५२ नव्हे. लाख डॉलरवर ११,००० रुपये कमी. उलट कच्चा माल आयात करणाऱ्या शेजारच्या कारखान्याकडून बँक मुदतीच्या शेवटापर्यंतचे पूर्ण ३४ पैसे घेते. डॉलर डिस्काउंटवर असता तर हेच उलटं झालं असतं: निर्यातदाराकडून शेवटापर्यंतचा डिस्काउंट कापला गेला असता, आणि आयातदाराला फक्त सुरुवातीपर्यंतचा मिळाला असता. पुढच्या तासाला हे उदाहरण मुलांना स्वतः मांडायला द्या, उत्तर सांगू नका.