पुडीपासून पाकिटापर्यंत

तामिळनाडूतील कडलूर येथे सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली अल्प भांडवलावर शांपूचा व्यवसाय आरंभिला. पुढे त्यांच्या ‘चिक’ शांपूची एक योजना गाजली. कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या दुकानात द्याव्यात आणि चिकची एक पुडी विनामूल्य घ्यावी, अशी ती होती. काही काळाने केवळ चिकच्याच रिकाम्या पुड्या स्वीकारल्या जाऊ लागल्या. पहिल्या पायरीने ओळख झाली, दुसरीने सवय लागली. मात्र याच बाजाराने दुसरा धडाही दिला. पुडीतला शांपू बाटलीतल्यापेक्षा स्वस्त पडू लागताच बहुसंख्य ग्राहक पुडीवरच थांबले.

हा धडा घरगुती मसाल्याच्या धंद्याला लावून पाहावा. समजा, कांदा-लसूणविरहित पावभाजी मसाल्याचे १०० ग्रॅमचे पाकीट ८० रुपयांस विकले जाते. म्हणजे ग्रॅमला ८० पैसे. दहा रुपयांच्या पुडीत १५ ग्रॅम भरले, तर ग्रॅमला सुमारे ६७ पैसेच पडतात. असा ग्राहक पाकीट कशासाठी घेईल? पुडीत १० ग्रॅम भरले की ग्रॅमला १ रुपया होतो आणि पाकीट घेण्यात त्याचा लाभ दिसतो. परंतु तेवढ्यात चौघांची एक वेळची भाजी चवदार झालीच पाहिजे. अपुऱ्या मसाल्याने भाजी फिकी झाली, तर दोष मापाला नव्हे, मालाला लागतो.

दुसरा धोका शिळेपणाचा. लहान पुडीत मालाच्या मानाने वेष्टनाचा पृष्ठभाग अधिक असतो, म्हणून वास लवकर उडतो आणि दमटपणा लवकर शिरतो. साध्या प्लास्टिकऐवजी ॲल्युमिनियमचा थर असलेले वेष्टन घ्यावे. भरलेली पुडी पाण्यात बुडवून हलके दाबावी. बुडबुडे आले तर जोड कच्चा आहे. पुडी व पाकीट महिनाभर दुकानाच्या फळीवर शेजारी ठेवून दोन्हींची भाजी करून पाहावी. फरक जाणवला, तर वेष्टन बदलावे.

शेवटी हिशेब. रिकामी पुडी परत आणणाऱ्यास पाकिटावर १० रुपये सूट द्यावी आणि प्रत्येक दुकानाच्या पुडीवर वेगळी खूण छापावी. समजा, २०० पुड्या विकल्या आणि दीड महिन्यात २४ परत आल्या. पाकिटामागे २० रुपये सुटत असतील, तर सूट वजा जाता २४० रुपयेच हाती राहतात. म्हणून खरी परीक्षा पुढची आहे: त्या चोवीसपैकी किती जणांनी सुटीविना दुसरे पाकीट नेले, याची नोंद दुकानदाराकडून घ्यावी. ती संख्या नगण्य असेल, तर गिऱ्हाईक सुटीसाठी आले होते, चवीसाठी नव्हे. आणि मग आणखी पुड्या छापण्याआधी मसाल्याकडेच पाहावे.