विश्लेषण : चंद्राच्या कला आणि ग्रहण यांत नेमका फरक काय?

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. त्यानंतर बरोबर एका पंधरवड्याने, सर्वपित्री अमावास्येला, खंडग्रास सूर्यग्रहण झाले. मधल्या चौदा दिवसांत चंद्र नेहमीप्रमाणे रोज थोडा थोडा लहान होत गेला. दोन ग्रहणे आणि त्यांच्यामधल्या कला, असा हा एकच पंधरवडा तपासला तरी अनेकांच्या मनातला जुना गोंधळ दूर होतो. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा किंवा कोरीसारखा दिसतो’ ही समजूत शाळकरी मुलांत आढळते, तशीच मोठ्यांतही. ती चूक का आहे?

चंद्राला कला का येतात?

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्याकडे असलेला त्याचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो आणि दुसरा अर्धा कायम अंधारात असतो. हे प्रमाण अमावास्येला बदलत नाही आणि पौर्णिमेलाही नाही. बदलते ते एवढेच, की त्या उजळलेल्या अर्ध्यापैकी किती भाग पृथ्वीवरून दिसतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्याने आपण त्याच्याकडे रोज वेगळ्या कोनातून पाहतो. तो सूर्याच्या दिशेला असतो तेव्हा त्याची अंधारी बाजू आपल्याकडे असते, ती अमावास्या. तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला जातो तेव्हा उजळलेली बाजू पूर्ण दिसते, ती पौर्णिमा. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात.

पंचांगातली तिथी हेच मोजते. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. अंतर शून्य झाले की अमावास्या संपते आणि १८० अंश झाले की पौर्णिमा संपते. अष्टमी ८४ अंशांना सुरू होऊन ९६ अंशांना संपते, म्हणजे काटकोन तिच्या मध्यावर येतो आणि चंद्र नेमका अर्धा दिसतो. थोडक्यात, तिथी सांगणे म्हणजे चंद्राची कला सांगणे. त्यात पृथ्वीच्या सावलीचा कुठेच संबंध येत नाही.

मग कला म्हणजे पृथ्वीची सावली नव्हे, हे कसे ओळखायचे?

याची खात्री कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. १४ सप्टेंबर २०२५ रोजी चंद्र कृष्ण पक्षातील अर्ध्या कलेवर होता. अशा दिवशी सूर्योदयाच्या वेळी सूर्य पूर्व क्षितिजावर असतो, तर चंद्र जवळजवळ डोक्यावर. त्या वेळी पृथ्वीची सावली पश्चिम क्षितिजाच्या दिशेला असते. म्हणजे चंद्र आणि सावली यांच्यात काटकोनाचे अंतर असते. चंद्राचा काळोखा अर्धा भाग सावलीने झाकला आहे असे म्हणायचे, तर सावलीला पाव आकाश ओलांडून यावे लागेल.

शुक्ल द्वितीयेची कोर तर सूर्य मावळल्यानंतर त्याच पश्चिम दिशेला दिसते. तेव्हा पृथ्वीची सावली पूर्वेकडे असते, कोरीच्या जवळपास विरुद्ध बाजूला.

दुसरी खूण आकाराची आहे. शुक्ल एकादशीच्या सुमारास चंद्राचा उजळ भाग अर्ध्याहून मोठा असतो आणि उजेड-अंधाराची सीमारेषा अंधाराच्या बाजूला फुगलेली दिसते. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे तिच्या सावलीची कडाही गोल असते. ती चंद्रावर सरकत येते तेव्हा भाकरीचा चावा घेतल्यासारखी उजळ भागात आत शिरते. फुगलेली सीमारेषा अशा सावलीने तयारच होऊ शकत नाही. ती चंद्राच्या गोलावर दिवस कुठे संपतो आणि रात्र कुठे सुरू होते, त्याची रेषा आहे.

७ सप्टेंबरच्या रात्री काय वेगळे घडले?

त्या रात्री चंद्र खरोखर पृथ्वीच्या सावलीत गेला. भारतीय वेळेनुसार रात्री ९ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास सावलीच्या गडद भागाची, म्हणजे प्रच्छायेची कडा चंद्राला लागली. ११ वाजून १ मिनिटाला चंद्र पूर्ण आत गेला. चंद्र आकाशात साधारण तासाभरात स्वतःच्या रुंदीइतके अंतर पुढे सरकतो, म्हणूनच आत शिरायला त्याला तासाहून किंचित अधिक वेळ लागला. खग्रास अवस्था सुमारे ८२ मिनिटे टिकली आणि रात्री १ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास चंद्र प्रच्छायेतून पूर्ण बाहेर पडला. पौर्णिमेचा चंद्र झाकला जाऊन पुन्हा पूर्ण होण्याचा हा सारा प्रकार साडेतीन तासांत उरकला. कलांना याच फेऱ्यासाठी महिना लागतो.

रंगातही फरक होता. कलेतील चंद्राचा अंधारा भाग जवळजवळ दिसतच नाही. खग्रास अवस्थेत मात्र चंद्र तांबूस दिसतो. पृथ्वीच्या कडेवरील वातावरणातून जाणारा सूर्यप्रकाश वळून सावलीत शिरतो. वाटेत त्यातील निळा प्रकाश विखुरला जातो आणि उरलेला तांबडा चंद्रापर्यंत पोहोचतो. सूर्योदय आणि सूर्यास्ताला आकाश लालसर होते, त्याचेही कारण हेच.

या ग्रहणाचा मध्य ११ वाजून ४१ मिनिटांनी होता आणि पौर्णिमा तिथी त्याच्या दोन-तीन मिनिटे आधी संपली. हा योगायोग नव्हे. सूर्य आणि चंद्र १८० अंशांवर येतात तेव्हाच चंद्र सावलीच्या सर्वांत जवळ असतो, त्यामुळे चंद्रग्रहणाचा मध्य पौर्णिमा संपण्याच्या क्षणालगतच येतो.

दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?

खरे कोडे इथे आहे. पृथ्वी सूर्याभोवती ज्या पातळीत फिरते, तिच्याशी चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. पाच अंश कमी वाटतात, पण आकाशात पूर्ण चंद्राची रुंदी जेमतेम अर्धा अंश असते. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची प्रच्छाया चंद्राच्या सुमारे अडीचपट रुंद असते. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

७ सप्टेंबरनंतरच्याच पौर्णिमेचे उदाहरण पाहा. ऑक्टोबरमध्ये कोजागरी साजरी झाली तेव्हा चंद्र पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीपासून जवळपास अडीच अंश उत्तरेला होता, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या पाचपट दूर. सावली त्याच्या बरीच खालून गेली आणि दूध आटवून बसलेल्यांना अख्खी रात्र लख्ख चांदणे मिळाले.

राहू आणि केतू म्हणजे नक्की काय?

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला दोन ठिकाणी छेदते. चंद्र दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना जिथे ही पातळी ओलांडतो तो राहू आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना ओलांडतो तो केतू. तिथे कोणताही ग्रह किंवा पिंड नाही, ते गणिताने ठरणारे पातबिंदू आहेत. चंद्र अशा बिंदूजवळ असतानाच पौर्णिमा किंवा अमावास्या आली, तरच सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात ग्रहणांचा उलगडा सावल्यांच्याच आधारे केला होता.

७ सप्टेंबरला चंद्र राहूपासून तीन अंशांहून कमी अंतरावर होता, म्हणून ग्रहण खग्रास झाले. सूर्य पातबिंदूच्या आसपास राहण्याचा काळ महिन्याहून थोडा अधिक असतो. तेवढ्या वेळात एक अमावास्या आणि एक पौर्णिमा येतेच, म्हणून ग्रहणे बहुधा पंधरवड्याच्या अंतराने जोडीने येतात. सुमारे १७३ दिवसांनी सूर्य दुसऱ्या पातबिंदूशी पोहोचतो आणि पुढची जोडी येते. १७ फेब्रुवारी २०२६ चे सूर्यग्रहण आणि ३ मार्च २०२६ च्या फाल्गुन पौर्णिमेचे चंद्रग्रहण ही सप्टेंबरनंतरची जोडी.

सर्वपित्री अमावास्येचे सूर्यग्रहण भारतात का दिसले नाही?

चंद्रग्रहणात सावली चंद्रावर पडते. त्यामुळे ज्या ज्या ठिकाणी चंद्र उगवलेला असतो तिथून, म्हणजे जवळजवळ अर्ध्या पृथ्वीवरून, ते एकाच वेळी दिसते. सूर्यग्रहणात उलट होते. चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये येतो आणि त्याची सावली पृथ्वीवर पडते. चंद्र लहान असल्याने ही प्रच्छाया पृथ्वीवर पोहोचेपर्यंत निमुळती होते. खग्रास पट्टा फार तर दोन-अडीचशे किलोमीटरच्या आसपास रुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना खंडग्रास ग्रहण दिसते आणि त्यापलीकडे काहीच नाही.

२१ सप्टेंबरला चंद्राची प्रच्छाया पृथ्वीला लागलीच नाही, ती दक्षिण ध्रुवाच्या बाजूने अवकाशात निघून गेली. फक्त विरळ उपच्छाया न्यूझीलंड, दक्षिण पॅसिफिक आणि अंटार्क्टिकाच्या काही भागांवरून सरकली, म्हणून ते ग्रहण खंडग्रास होते. ग्रहणाचा मध्य भारतीय वेळेनुसार रात्री एकच्या सुमारास होता. तेव्हा भारतात सूर्य क्षितिजाखाली होता, त्यामुळे ते इथून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ‘ग्रहण आहे’ असा संदेश मोबाइलवर आला की दोन गोष्टी आधी पाहाव्यात. ते चंद्राचे आहे की सूर्याचे, आणि त्या वेळी आपल्या गावातून तो क्षितिजावर असेल का.

छायाचित्र पाहून फरक सांगता येईल का?

बहुतेक वेळा येतो. कोरीची दोन टोके चंद्राच्या गोलावर एकमेकांच्या बरोबर समोर, व्यासाच्या दोन टोकांवर असतात. चंद्रग्रहणात सावलीची कडा गोलाला कुठेही छेदू शकते, त्यामुळे टोके तशी समोरासमोर असतीलच असे नाही. कलेतील सीमारेषेजवळ विवरांच्या लांब सावल्या स्पष्ट दिसतात, कारण तिथे चंद्रावरची सकाळ किंवा संध्याकाळ असते. ग्रहणातील कडा मात्र धूसर असते आणि तिच्याजवळ विवरांच्या सावल्या दिसत नाहीत, कारण पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडते. छायाचित्राची तारीख कळली तर काम आणखी सोपे होते. अष्टमीचा अर्धा चंद्र ‘चंद्रग्रहण’ म्हणून फिरत असेल, तर तो दावा पंचांगातील तिथी पाहूनच खोटा ठरवता येतो. चंद्रग्रहण पौर्णिमेखेरीज आणि सूर्यग्रहण अमावास्येखेरीज कधीही होत नाही.